पुस्तक मिटून लिहिलं, आता ताडून पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?

खाजनवाट
एम.ए.च्या प्रबंधात खाजन शेतीवर एक प्रकरण आहे. संदर्भग्रंथातला मजकूर आपल्या शब्दांत मांडायची जी पद्धत सांगतात ती अशी: उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवणीतून लिहायचं, मग मुळाशी ताडून पाहायचं. पहिल्या तीन पायऱ्या समजल्या. चौथीत काय करायचं ते कोणी धड सांगत नाही. "बरोबर आहे का बघ" एवढंच.

नमुना देतो. पुस्तकातला उतारा इथे टाकत नाही, त्याच धर्तीवर मीच एक रचलाय. तो मूळ समजा:

"खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली जमीन. माती आणि दगडांच्या बांधांनी ती खाऱ्या पाण्यापासून राखली जाते. बांधातल्या मानशीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, लाकडी झडपा असतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात गोडे पाणी मातीतले बरेचसे क्षार धुऊन नेते, म्हणून त्या काळात खाजनात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात घेता येते. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढच्या हंगामातले पीकही धोक्यात येऊ शकते."

आणि मिटून लिहिलेलं हे:

"खाजन ही खाडीकाठची सखल जमीन. तिच्याभोवती माती-दगडांचे बांध असतात आणि त्यांची देखरेख गावकारी ही ग्रामसंस्था करत असे. मानशीची झडप ओहोटीला आपोआप मिटते, त्यामुळे आतले पाणी बाहेर जात नाही. पावसाळ्यात गोडे पाणी मातीतले क्षार धुऊन नेते, म्हणून खाजनात फक्त कोरगुट पिकते. बांध फुटला की पुढच्या वर्षी पीक येत नाही."

मला हे ठीक वाटलं होतं. कुठे चुकलंय?

मांडवीपार
सोपं आहे. नियमाप्रमाणे सलग १४ शब्दांपर्यंत जुळलं तर चालतं. तुझं एकही वाक्य तेवढं जुळत नाही. सोड काळजी.

पेडण्याचा_पाहुणा
म्हणजे दर पंधरावा शब्द बदलला की डॉक्टरेट! हे आधी का नाही कोणी सांगितलं?

मानशीवाला
बाकीचं तुम्ही शिकलेले लोक बघा, पण झडप उलटी लावलीय रे बाबा. ओहोटीला पाणी बाहेर जातं म्हणून तर मानशीवर जाळं लावतात. झडप ओहोटीला मिटली तर सुंगटं कुठून मिळणार? तुझ्या झडपेनं भरतीला शेत बुडेल आणि ओहोटीला पाणी आतच तुंबेल.

जुनी_शाई
मानशीवाल्यांनी सगळ्यात मोठी चूक नेमकी धरली. ती लिहिणाऱ्याला का दिसली नाही, तिथूनच सुरुवात करू. "ओहोटीला मिटते, त्यामुळे आतले पाणी बाहेर जात नाही" हे वाक्य आतून सुसंगत आहे. कारण आहे, परिणाम आहे, वाचायला गुळगुळीत आहे. आपलंच लिखाण पुन्हा वाचून अशी चूक सापडत नाही. मूळ शेजारी ठेवून एकेक विधान टिचकी मारून तपासलं तरच सापडते.

ताडून पाहायचं ते दोन दिशांनी, आणि दोन्ही फेऱ्या वेगवेगळ्या करायच्या. आधी आपल्याकडून मुळाकडे. आपल्या लिखाणातलं प्रत्येक विधान घ्यायचं आणि मुळात ते कुठे आहे तिथे बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ते विधान मुळातलं नाही. इथे पहिल्याच फेरीत "गावकारी देखरेख करत असे" अडकतं. वस्तुस्थिती म्हणून ते चूक नाही, पण या उताऱ्यात ते कुठेच नाही. तू गोव्यात वाढलास, ते तुला ठाऊक आहे, आणि आठवणीनं ते अलगद आत आणून बसवलं. परिच्छेदाखाली या ग्रंथाचा संदर्भ दिलास की जे त्या लेखकानं लिहिलंच नाही ते त्याच्या तोंडी जातं. ते वाक्य काढ, किंवा ठेवायचं असेल तर त्याचा वेगळा संदर्भ दे.

मग उलट दिशा, मुळाकडून आपल्याकडे. काय गळलं ते पाहायचं. सगळंच यायला हवं असं नाही, पण जे गळलं त्यानं अर्थ हलला का, एवढं विचारायचं. "भरतीच्या पातळीपेक्षा सखल" यातलं "भरतीच्या पातळीपेक्षा" गेलं. नुसती "सखल जमीन" म्हटलं तर बांध आणि मानस हवीच कशाला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. हे गळणं महागाचं. "लाकडी" गळलं ते स्वस्तातलं.

या फेरीत छोटे शब्द जास्त फसवतात. मुळात "बरेचसे क्षार" आहे, तुझ्याकडे सगळेच क्षार धुऊन निघाले. मुळात "कोरगुटासारखे", तुझ्याकडे "फक्त कोरगुट". मुळात "धोक्यात येऊ शकते", तुझ्याकडे "येत नाही". तिन्ही ठिकाणी लेखक जपून बोलत होता आणि तू ठाम झालास. आठवण आशय धरते आणि बरेचसे, साधारण, शक्यता, सारखे असले शब्द सांडून टाकते. म्हणून मूळ वाचतानाच अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारावी. नाहीतर ताडताना डोळा त्यांच्यावरून घसरतो.

खाजनवाट
बाप रे. पाच वाक्यांत एवढं? आणि शब्दांचं काय? "गोडे पाणी मातीतले क्षार धुऊन नेते" हे जवळजवळ जसंच्या तसं उतरलंय, ते आत्ता दिसलं. पुस्तक खरंच मिटलं होतं, शप्पथ.

तळटीप
शपथेची गरज नाही, असं होतं. उतारा किती वेळा वाचला होतास? चार-पाच वेळा वाचला असशील तर ते पाठांतर झालं. पुस्तक मिटल्यानं डोळ्यांसमोरचा मजकूर गेला, डोक्यातला कुठे जाणार?

एरवी वाक्याची शब्दरचना डोक्यातून फार लवकर निसटते. जॅकलिन सॅक्स या संशोधिकेचा १९६७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. ऐकलेल्या वाक्यानंतर मध्ये ८० अक्षरांचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला, की लोकांना वाक्याची बदललेली रचना ओळखता येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र तो बऱ्यापैकी ओळखता येत होता. ही पद्धत चालते ती याच जोरावर. पण पुन्हा पुन्हा वाचलं, मोठ्यानं वाचलं किंवा वाक्य लयदार असलं, तर शब्द चिकटतात. "धुऊन नेते" तसंच चिकटलंय.

म्हणून वाचन दोनदा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा सांधे पाहायला: कशामुळे काय होतं, कुठे "म्हणून" आहे, कुठे "तर" आहे. तिसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तर बहुतेक वेळा आशय कळलेला नसतो. तिथे वाचू नये, चित्र काढावं. भरतीला बाण कुठून कुठे, ओहोटीला कुठून कुठे, झडप कोणत्या बाजूला ढकलली जाते. ते चित्र कागदावर आलं असतं तर तुझी झडप उलटी लागली नसती.

पेडण्याचा_पाहुणा
१९६७ म्हणजे आमचं जनमत कौलाचं वर्ष. तिकडे लोक वाक्यं विसरत होते, इकडे फूल की दोन पानं ते लक्षात ठेवत होते.

तळटीप
पाहुणे, विनोदात तुम्ही चांगलं उदाहरण दिलंत. कौलाबद्दलचा उतारा वाचून, मिटून लिहायला सांगा. "१९६७च्या कौलात गोवा वेगळं राज्य झालं" असं हमखास येतं. त्या कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश एवढेच पर्याय होते. घटकराज्य झालं ३० मे १९८७ला. लिहिणारा मूळ विसरला असं नाही, त्याच्या डोक्यातल्या आजच्या गोव्यानं मुळातली जागा घेतली. गावकारीसारखंच हे. ओळखीच्या विषयात ही चूक जास्त होते, अनोळखी विषयात कमी.

आकड्यांचं वेगळंच. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० आणि फरक ३४,०२१. हे आठवणीतून लिहायचंच नाही. मिटून लिहिताना आकडा, तारीख, विशेषनाम यांच्या जागी रिकामी चौकट सोडायची आणि ताडताना मुळातून भरायची. आठवून लिहिलेला आकडा दिसायला पूर्ण खरा दिसतो. दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती पुढे कोणाच्याही लक्षात येत नाही.

मांडवीपार
आकड्यांचं पटलं. पण १४ शब्दांचा नियम मी हवेत बोललो नव्हतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आहे.

जुनी_शाई
आहे, पण अर्धाच सांगितलात. साम्य मोजताना सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगानं जुळणारे शब्द वगळायचे, सलग १४ शब्दांपर्यंत, असं ते आहे. दुसऱ्याचं वाक्य १४ शब्दांपर्यंत उचलायला दिलेली ती सवलत नाही. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्या नियमावलीत दंड नाही हेही खरं. पण ती सगळी मोजणी यंत्राच्या साम्याची. या धाग्यात आपण ज्या चुका पाहिल्या, म्हणजे उलटी झडप, "फक्त", गावकारी, त्यातली एकही कोणत्याही साम्यतपासणीत पकडली जात नाही. उलट, चुकीचं लिहिलं की साम्य कमीच दिसतं!

मांडवीपार
मान्य. तरी शब्दांची काही मोजपट्टी हवीच ना? नाहीतर "खाजन", "मानस" हेही शब्द बदलायला लागतील लोक.

जुनी_शाई
वस्तूचं नाव बदलायचं नाही. खाजन, मानस, कोरगुट, बांध, भरती, ओहोटी, क्षार, झडप हे शब्द कितीही जुळले तरी चालतात. कोरगुटाला "विशिष्ट तांदूळ" केलंत तर माहितीच गेली. पाहायची असते ती जोडणी. चार-पाच शब्द त्याच क्रमानं आले आणि त्यात वस्तूचं नाव सोडून बाकीचेही तेच असले, तर खूण करायची. "गोडे पाणी मातीतले क्षार धुऊन नेते" असंच आहे. चार-पाच हा माझा कामापुरता अंदाज आहे, नियम नव्हे.

दुभाष्या
माझं प्रकरण वेगळं आहे. माझे स्रोत इंग्रजी आणि पोर्तुगीज, लिहितो मराठीत. शब्द जुळायचा प्रश्नच नाही. मग ही कसरत मला लागू नाही असं धरू ना?

तळटीप
उलट तुम्हाला जास्त लागू. शब्द जुळत नाहीत म्हणून तुम्हाला वाटतं की आपण आपल्या शब्दांत लिहिलं. प्रत्यक्षात वाक्यामागून वाक्य त्याच क्रमानं आलेलं असतं, म्हणजे ते भाषांतरच. भाषांतर करायला हरकत नाही, पण मग अवतरण म्हणून, "भाषांतर माझे" असं नोंदवून द्या. तुमच्यासाठी ताडायची पहिली गोष्ट शब्द नव्हे, क्रम. मुळातल्या वाक्यांना १, २, ३ असे आकडे द्या आणि तुमच्या परिच्छेदात ते कोणत्या क्रमानं आले ते समासात लिहा. सरळ १ ते ६ आले तर संशय घ्या.

दुभाष्या
घटनाक्रम असेल तर सरळच येणार की. १५१० आधी, १९६१ नंतर. ते उलटं कसं लिहू?

तळटीप
बरोबर, घटनाक्रमाला ही खूण लागू पडत नाही. संशय घ्या म्हटलं, दोष द्या म्हटलं नाही.

दहावीची_आई
इथे सारांशलेखनाची चर्चा चाललीय ना? मुलीला एक तृतीयांशात लिहायचं असतं, ती नेहमी जास्त लिहिते. पुस्तक मिटून लिहिलं तर कमी होईल का?

जुनी_शाई
ताई, सारांशात उतारा लहान करायचा असतो. इथे लांबी साधारण तेवढीच ठेवून मांडणी बदलायची आहे. मिटून लिहिल्यानं तिचा मजकूर आपोआप कमी होईल, पण काय गळेल त्यावर तिचा ताबा राहणार नाही. सारांशाला पुस्तक उघडं ठेवून आधी मुद्दे निवडणंच बरं.

खाजनवाट
मूळ प्रश्नाकडे. आता चुका दिसल्या. दुरुस्त कशा करायच्या? मी मूळ उघडं ठेवून "ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते" असं सरळ घालून टाकलं.

जुनी_शाई
आणि पुन्हा मुळाचे शब्द आत आले! सगळी मेहनत वाया जाते ती इथे. पुस्तक मिटून जे कमावलं ते उघड्या पुस्तकातून दुरुस्त करताना गमावतो. ताडताना आपल्या मजकुराला हात लावायचा नाही. समासात फक्त खुणा करायच्या, त्याही आपल्या चिन्हांत. उलट झालंय तिथे उलटा बाण, ठामपणा वाढलाय तिथे "जपून", मुळात नाही तिथे प्रश्नचिन्ह, शब्द चिकटलेत तिथे रेघ. मग पुस्तक पुन्हा मिटायचं आणि खुणा पाहून दुरुस्त करायचं. आकडे आणि नावं तेवढी अपवाद, ती मुळातूनच भरायची. दुरुस्ती झाली की ज्या ठिकाणी हात लावला तेवढीच वाक्यं पुन्हा ताडायची.

आणखी एक. पुस्तक पहिल्यांदा मिटायच्या आधी पृष्ठक्रमांक लिहून ठेव. शब्द आपले झाले तरी आशय लेखकाचाच आहे, तळटीप लागणारच.

मांडवीपार
मिटायच्या आधी चार-पाच कळीचे शब्द टिपून ठेवले तर? मी तसंच शिकवतो. "भरती – दाब – झडप – क्षार – कोरगुट". काही गळत नाही.

तळटीप
गळत नाही, पण ते शब्द ज्या क्रमानं टिपले त्याच क्रमानं परिच्छेद येतो. मुळाचा सांगाडा तुम्ही हातात धरून नेला. टिपायचंच तर प्रश्न टिपा: "झडप कोण हलवतं?", "भात पावसाळ्यातच का?" उत्तर आपल्या वाक्यात येतं.

मांडवीपार
प्रश्नांनी नवशिक्याचे अर्धे मुद्दे सुटतात, हे मी पाहतोच आहे. सांगाडा नंतर मोडता येतो, सुटलेला मुद्दा परत येत नाही. हे मला नाही पटत.

तळटीप
परत येतो की, उलट दिशेच्या फेरीत. पण असो, नवशिक्यासाठी तुमचं म्हणणं थोडं खरं असेल.

मानशीवाला
तुम्ही झडपेवर एवढं बोलताय तर एक सांगतो. बांध नुसता पाण्याच्या जोरानं फुटत नाही. खेकडे बिळं करतात, नदीत बार्ज जाते तिच्या लाटा बसतात, वेळेवर माती पडत नाही. ते पण लिही.

पेडण्याचा_पाहुणा
काका, तुम्ही आता उताऱ्यात खेकडे सोडताय. जुनी शाई प्रश्नचिन्ह मारतील.

जुनी_शाई
मारणारच. वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या संदर्भानं येऊ देत खेकडे.

खाजनवाट
दुसरा प्रयत्न. दोनदा वाचून, झडपेचं चित्र काढून, मिटून, खुणा करून, परत मिटून. मध्ये दहा मिनिटं गेली.

"खाजन शेती भरती-ओहोटीकडूनच दाराची राखण करून घेते. बाहेरचे पाणी वर आले की ते मानशीच्या झडपा लोटून बंद करते. ते उतरले की आत साठलेले पाणी त्याच झडपा ढकलून वाट काढते. ही सोय लागते, कारण बांधाआडची ही जमीन भरतीच्या पाण्याहून खाली असते. जून ते सप्टेंबर या काळात पावसामुळे मातीचा खारेपणा बराच उतरतो आणि कोरगुट किंवा तशाच काटक भाताला संधी मिळते. बांधाला भगदाड पडून खारे पाणी आत आले, तर त्याचा फटका पुढच्या हंगामालाही बसण्याची शक्यता असते."

मानशीवाला
झडप सरळ लागली.

जुनी_शाई
व्याख्येऐवजी यंत्रणेपासून शिरलास, त्यामुळे वाक्यं आपोआप वेगळी पडली. "बराच", "तशाच", "शक्यता" तिन्ही परत आले. पण "जून ते सप्टेंबर" कुठून आलं? मुळात "पावसाळ्यात" एवढंच आहे. आणि "काटक" म्हणजे कशाला काटक? मुळात खारेपणा सोसणारे आहे. काटक भात दुष्काळालाही तोंड देणारं असू शकतं.

खाजनवाट
जून-सप्टेंबर डोक्यातूनच आलं. पुन्हा गावकारी! "पावसाळ्यात" आणि "खारटपणा सहन करणाऱ्या" करतो.

तळटीप
माझी हरकत पहिल्या वाक्याला. "भरती-ओहोटीकडूनच राखण करून घेते" हे मुळात नाही, तो तुझा अर्थ आहे. बोट ठेवायला जागा नाही.

जुनी_शाई
इथे मी असहमत. "आपोआप मिटतात" आणि "दाबाने उघडतात" यातूनच ते निघतं. तेवढं एकत्र बांधायची मुभा नसेल तर आपल्या शब्दांत लिहिणं म्हणजे काय उरलं?

तळटीप
मुभा आहे, पण मग तळटीप दुसऱ्या वाक्यापासून सुरू होऊ दे. पहिलं वाक्य खाजनवाटचं, पुढची ग्रंथाची.

जुनी_शाई
तसं केलं तर वाचणाऱ्याला पहिलं वाक्य बिनसंदर्भाचं वाटेल. मी परिच्छेदाच्या शेवटीच देईन.

खाजनवाट
तूर्त दुसऱ्या वाक्याअखेरीस एक आणि परिच्छेदाच्या शेवटी एक अशा दोन्ही टाकतो. मार्गदर्शक खोडतील ती खोडतील. देव बरें करूं सगळ्यांचं.

दुभाष्या
निघण्याआधी एक. दोन ग्रंथ एकाच गोष्टीवर वाचून, दोन्ही मिटून एकच परिच्छेद लिहिला, तर कोणतं विधान कुणाचं ते ताडताना कसं सोडवायचं? माझ्या बाबतीत रोज हाच घोळ.

मांडवीपार
दोन रंगांची पेन्सिल.

तळटीप
रंग ताडताना मदत करतील, पण लिहितानाच मिसळलेलं वाक्य रंगानं वेगळं होत नाही. आधी एका ग्रंथाचं लिहून ताडून घ्या, मग दुसरा उघडा. दोन्ही एकदम मिटू नका.